पडदा पांढरा झाला की ओएलईडी टीव्ही मंद का होतो?

सिनेमात रात्रीचा प्रसंग संपतो आणि बर्फाने झाकलेला डोंगर पडदाभर दिसू लागतो. डोळे दिपतील असं वाटतं, पण बर्फ राखाडीकडे झुकलेला दिसतो. महागडा ओएलईडी टीव्ही घेतलेल्या माणसाला इथे शंका येते: पॅनेल खराब तर निघालं नाही ना?

पॅनेल खराब नसतं. एलसीडी टीव्हीत पडद्यामागे वेगळे दिवे असतात. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, म्हणून जितका भाग पांढरा तितकी जास्त वीज लागते. चित्र एकूण किती उजेड मागतंय याचा टीव्ही सतत अंदाज घेतो आणि मागणी मर्यादेबाहेर गेली की सगळं चित्रच खाली आणतो. या व्यवस्थेला ऑटोमॅटिक ब्राइटनेस लिमिटर, थोडक्यात एबीएल म्हणतात.

ढोबळ आकडे घेऊन पाहू. एखादा टीव्ही पडद्याचा दहावा हिस्सा पांढरा असताना ८०० निट उजळतो आणि पूर्ण पडदा पांढरा झाला की १५० निटवर येतो. तरीही दहापट जागा उजळल्यामुळे पडद्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड जवळपास दुप्पट झालेला असतो. पूर्ण पडद्यावर ८०० निट ठेवायचे तर लहान चौकोनाच्या दहापट उजेड लागेल. तेवढा भार वीजपुरवठ्याला पेलवत नाही, उष्णता वाढते आणि पिक्सेलमधला सेंद्रिय पदार्थ लवकर झिजतो.

खात्री घरीच करता येते. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, पार्श्वभूमी काळी ठेवा, टीव्हीचा उजेड पूर्ण वाढवा आणि कोऱ्या नोटपॅडची खिडकी हळूहळू मोठी करा. खिडकी वाढेल तसा पांढरा रंग मंदावला आणि लहान करताच पुन्हा उजळला, तर ते एबीएलचंच काम. चित्र स्थिर असताना मिनिटभराने उजेड हळूहळू उतरत असेल, तर ती पडद्यावर डाग राहू नयेत म्हणून केलेली वेगळी सोय असते. खोलीतल्या प्रकाशानुसार उजेड बदलत असेल तर सेन्सर किंवा वीजबचत मोड बंद करून पाहा. मात्र एकच कोपरा कायम काळपट दिसत असेल किंवा उजळ दृश्यात टीव्ही बंदच पडत असेल, तर तो बिघाड आहे. वॉरंटीत तक्रार करा.

माझा आक्षेप जाहिरातींवर आहे. ठळक छापलेला निटचा आकडा बहुधा लहान चौकोनाचा असतो आणि दुकानातले नमुन्याचे व्हिडिओही काळ्या पार्श्वभूमीवरच्या चमकत्या वस्तूंचे असतात. विकत घेण्यापूर्वी पूर्ण पांढऱ्या पडद्याचा आकडा विचारा. साध्या, एचडीआर नसलेल्या कार्यक्रमांना एक उपायही आहे: पीक ब्राइटनेस बंद करा आणि पॅनेलचा उजेड थोडा उतरवा. चमक कमी होईल, पण चढउतार जवळजवळ थांबतील. भरदिवसा उन्हाच्या हॉलमध्येच टीव्ही पाहायचा असेल, तर मिनी-एलईडीचा विचार आधी करावा.