स्प्रिंटचं बिल आणि सहीची तारीख

अजाइल पद्धतीत सॉफ्टवेअर साधारण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तयार होतं आणि अनेक करारांत बिलही स्प्रिंटनुसारच निघतं. त्याचा आधार असतो ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’ हा दस्तऐवज. त्यात टीममध्ये किती माणसं, एका स्प्रिंटचा दर किती, काम कोण आणि किती दिवसांत तपासणार, हे लिहिलेलं असतं.

समजा, पुण्यातल्या कंपनीने मुंबईच्या ग्राहकाशी स्प्रिंटमागे 6 लाख रुपये ठरवले. स्प्रिंटमध्ये आठ स्टोरी घेतल्या. शेवटच्या डेमोत सात मान्य झाल्या, पेमेंटची एक अडली. आता बिल किती? दर टीमच्या वेळेचा असेल, तर पूर्ण 6 लाख आणि 18 टक्के जीएसटी मिळून 7,08,000; अडलेली स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये जाते. दर मान्य कामाचा असेल, तर त्या स्टोरीचे पैसे थांबतात. करारात हे स्पष्ट नसेल, तर भांडण ठरलेलंच.

खरी अडचण मात्र नकाराची नसते, मौनाची असते. ग्राहकाचा अधिकारी सही करत नाही, नाही असंही म्हणत नाही. म्हणून जाणकार एक कलम घालतात: पाच कामकाजी दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम मान्य समजावं. हरकतही आधी ठरलेल्या निकषावरच हवी. ‘आणखी एक बटण हवं’ ही हरकत नव्हे, नवी मागणी, आणि तिची जागा पुढच्या स्प्रिंटच्या यादीत.