मजुराचा शेवटचा हिशोब: खाडा दोनदा कापू नका

दसरा जवळ आला की आपल्या पाटोद्यात दुकानातला माणूस एक दिवस म्हणतो, "शेठ, टोळी निघाली, हिशोब करा." ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादमाची गाडी गाठायची असते. मग हिशोब घाईत होतो आणि तिथेच चूक होते. माझ्याकडूनही झाली होती.

माझ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या हमालाचंच उदाहरण घ्या. रोज ४५० रुपये. महिन्यात दुकान २६ दिवस चालू होतं. तो २१ दिवस पूर्ण आला, २ दिवस अर्धा आला, ३ दिवस आलाच नाही. दोन अर्धे मिळून एक, म्हणजे हजेरी २२. मजुरी झाली ९,९०० रुपये. त्याने उचल घेतली होती तीनदा: २,०००, १,५०० आणि ५००. एकूण ४,०००. द्यायचे राहिले ५,९००.

मी काय केलं? २२ हजेऱ्यांची मजुरी काढली, उचल कापली, आणि वर चार दिवसांच्या खाड्याचे १,८०० पण कापले. हातात ठेवले ४,१००. अहो, रोजंदारीत न आलेला दिवस हजेरीत धरलेलाच नसतो, मग तो पुन्हा कापायचा कसा? ऊसतोडीच्या टोळीत खाडा पडला की मुकादम वरून दंड लावतो, ती सवय आपल्या डोक्यात बसलीय. पगारी माणसाच्या ठरलेल्या महिन्याच्या पगारातून खाडा वजा होतो. रोजंदारीवाल्याची फक्त हजेरी मोजायची. त्याच्या बायकोने बोटांवर हिशोब मांडून दाखवला, तेव्हा मला कळलं. १,८०० परत दिले.

आता उचल जास्त असेल तर? समजा ६,००० असती. वेतन संहिता २०१९ प्रमाणे एका वेळच्या मजुरीतून सगळी कपात मिळून निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे ९,९०० मधून जास्तीत जास्त ४,९५० कापा, तेवढेच त्याच्या हातात द्या. उरलेले १,०५० चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या, तो परत आल्यावर बघू. "फेडल्याशिवाय जायचं नाही" असं मात्र चुकूनही म्हणू नका. उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि तिच्यावर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. तसंच काम सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत पैसे द्यावे लागतात. "मालाचं पेमेंट आलं की देतो" हे चालत नाही.

हे सगळं वहीवर अवलंबून आहे. उचल दिली की त्याच वेळी तारीख, रक्कम आणि त्याची सही किंवा अंगठा. फोनवरून पाठवलेले पैसेसुद्धा वहीत उतरवा. माझी त्यातली ५०० ची नोंद फक्त मोबाईलमध्ये होती, ती शोधायला अर्धा तास गेला आणि गाडी बाहेर हॉर्न वाजवत उभी होती. अर्धा दिवसही त्याच दिवशी लिहा, महिन्याने कुणालाच आठवत नाही. आणि हिशोब त्याला मोठ्याने वाचून दाखवा: आधी हजेरी, मग उचल, मग बाकी.