नव्वद मिलिमीटरचा प्रश्न

एसीची हवा वाहून नेणारा पत्र्याचा डक्ट आणि छताचा भार उचलणारा काँक्रीटचा बीम यांची गाठ नकाशावर सहसा पडत नाही, कारण दोघांचे नकाशे वेगळे असतात आणि ते काढणारी ऑफिसंही वेगळी. गाठ पडते ती साइटवर, फिटर डक्ट वर चढवू लागतो तेव्हा. तोवर बीम भरून झालेला असतो, पत्रा कापून डक्टही तयार असतो. मग कुणीतरी खालच्या फॉल्स सीलिंगला आणखी खाली ओढतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणालाही न विचारता बीमवर ड्रिल चालवतो.

हे टाळण्यासाठी मोठ्या इमारतींमध्ये आता कोऑर्डिनेशन मॉडेल करतात. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, एसी, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकल अशा प्रत्येकाचं त्रिमितीय मॉडेल एकावर एक ठेवलं जातं, आणि Navisworks सारखं सॉफ्टवेअर दोन वस्तू एकाच जागेत घुसल्या आहेत का हे शोधतं. त्यातून निघणारी यादी म्हणजे क्लॅश रिपोर्ट. तिच्यात लाल-हिरव्या रंगांची चित्रं असतात, बीमचा आणि डक्टचा क्रमांक असतो, मजला आणि ग्रिड असते. पण रिपोर्टचं खरं मोल शेवटच्या दोन रकान्यांत आहे: काय करायचं आणि ते कुणी करायचं. हे दोन रकाने रिकामे असतील, तर तो नुसता तक्रारींचा गठ्ठा होतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचा कॉरिडॉर आहे. जमिनीपासून बीमचा तळ ३२०० मिमी उंचीवर आणि फॉल्स सीलिंग २७०० मिमीवर. मधे उरले ५०० मिमी. त्यातले १०० मिमी सीलिंगची फ्रेम आणि दिवे खातात. म्हणजे डक्टसाठी ४०० मिमी. एसी कन्सल्टंटने डक्ट दाखवला आहे ८०० रुंद आणि ४०० उंच, आणि नकाशावर तो अगदी नेमका बसतो. मात्र त्याच्या वर-खाली २५-२५ मिमीचं इन्सुलेशन येतं आणि खाली आधाराला सुमारे ४० मिमीचा लोखंडी अँगल. बेरीज ४९०. डक्ट बीममध्ये ९० मिमी घुसला.

हा डक्ट कॉरिडॉरमधल्या चार बीमखालून जातो. सॉफ्टवेअर डक्ट आणि त्याचं इन्सुलेशन वेगळं मोजत असेल, तर रिपोर्टमध्ये आठ क्लॅश दिसतील. आठ ओळी वाचून बैठकीत आठदा चर्चा करणं व्यर्थ आहे. कारण एकच आहे आणि निर्णयही एकच घ्यायचा आहे. चांगला कोऑर्डिनेटर आधी या ओळी एका गटात बांधतो आणि मगच लोकांना बोलावतो. इन्सुलेशन मॉडेलमध्ये दाखवलंच नसेल, तर उलटा धोका असतो: क्लॅश ९० ऐवजी ४० मिमीचा दिसतो आणि ‘किरकोळ आहे, साइटवर बघू’ म्हणून सोडून दिला जातो.

आता उपाय. पहिला विचार बीमला भोक पाडण्याचा येतो, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार फक्त आरसीसी कन्सल्टंटचा. आपल्या बीमची एकूण खोली ६०० मिमी धरू. त्यातले वरचे १५० मिमी स्लॅबचे, म्हणजे स्लॅबखाली दिसणारा बीम ४५० मिमीचा. त्यातून एवढा डक्ट काढायचा तर बीम उरतच नाही. शंभरेक मिमीच्या पाइपसाठी स्लीव्ह ठेवता येते, पण तीही कन्सल्टंटने सांगितलेल्या जागी, भोवती जादा सळया देऊन आणि काँक्रीट भरण्यापूर्वी. नंतर कोअर कटिंग केलं तर बीमच्या रिंगा कापल्या जाऊ शकतात, आणि आधारांजवळ कातर बल पेलायला त्याच रिंगा लागतात. म्हणून या उपायापुढे स्पष्ट शेरा पडतो: नामंजूर.

दुसरा उपाय सीलिंग ९० मिमी खाली घेण्याचा. तो आर्किटेक्टच्या हातात आहे, पण चार बीमपायी सगळा कॉरिडॉर बुटका होतो, आणि रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये छताला दिशादर्शक पाट्याही टांगायच्या असतात.

उरतो तिसरा, डक्ट चपटा करण्याचा. तो सोपा वाटतो आणि इथेच घाईत चूक होते. उंची ४०० ची ३०० केली, तर क्षेत्रफळ तेवढंच ठेवायला रुंदी १०६७ पुरेल असा हिशेब कुणीही मांडेल. तो पुरत नाही, कारण चपट्या डक्टमध्ये हवेला घासायला जास्त पत्रा मिळतो. तेवढ्याच घर्षणात तेवढीच हवा न्यायची तर रुंदी ११५० मिमी हवी. तेव्हा पंख्यावर जादा भार पडत नाही. रुंदी उंचीच्या चौपटीच्या आत राहते, म्हणजे नेहमीची मर्यादाही पाळली जाते. किंमत मोजावी लागते ती पत्र्याची: डक्टचा घेर २४०० वरून २९०० मिमी होतो, म्हणजे दर मीटरला साधारण पाचवा हिस्सा जास्त पत्रा.

नव्या डक्टची एकूण उंची ३०० अधिक ५० अधिक ४०, म्हणजे ३९० मिमी. वर १० मिमी उरले. डक्टचे दोन तुकडे जोडणारी फ्लँज इन्सुलेशनच्याही थोडी बाहेर येते, तेव्हा जोड बीमखाली येता कामा नये. तो दोन बीमच्या मधे पडेल अशी तुकड्यांची लांबी शॉप ड्रॉइंगमध्येच ठरवायला हवी. शिवाय डक्ट ३५० मिमीने रुंद झाला, म्हणजे शेजारच्या केबल ट्रेला सरकावं लागणार. एक क्लॅश मिटवताना दुसरा जन्मतो तो असा.

म्हणून जबाबदारीच्या रकान्यात ‘एसी आणि स्ट्रक्चर’ असं मोघम लिहिलेलं मला फार खटकतं. दोघांवर सोपवलेलं काम कुणाचंच राहत नाही. या क्लॅशचा मालक एक, एसी कन्सल्टंट: डक्टचं माप बदलणं आणि हवेचा हिशेब पुन्हा करणं त्याच्याकडे. त्याच्या निर्णयातून निघणारी कामं वेगळ्या ओळींत, वेगळ्या नावांवर. ट्रे हलवणं इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे. बीमचा तळ खरोखर ३२०० वर आहे का, हे शटरिंग निघाल्यावर लेझरने मोजणं मुख्य ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरकडे, कारण दहा मिमीची सवलत शटरिंग जराशी लवली तरी संपते. आणि तारीख ‘पुढच्या बैठकीपर्यंत’ अशी नको, कामाला बांधलेली हवी: पत्रा कापायला जाण्यापूर्वी.

मॉडेल सुधारून तपासणी पुन्हा चालवली की जुना क्लॅश सापडत नाही आणि सॉफ्टवेअर त्यापुढे आपोआप `Resolved` लिहितं. या शब्दाचा अर्थ एवढाच की त्या दोन वस्तू आता एकमेकींत घुसत नाहीत. कुणी तो डक्ट मॉडेलमधून काढून टाकला तरी तोच शब्द उमटतो. `Approved` मात्र माणूस लिहितो, आणि त्याचा अर्थ क्लॅश मिटला असा नसून तो आहे तसा मान्य केला असा असतो. रिपोर्ट हाती आला की `Approved` च्या ओळी मी आधी वाचतो. तिथे मान्यता कुणी आणि का दिली हे लिहिलेलं नसेल, तर ती ओळ पुन्हा उघडावी.

क्लॅश नसलेलं मॉडेलही फसवू शकतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या जीवशास्त्रविषयक इमारतीचं प्रकरण २०११ मध्ये तिथल्या बांधकामविषयक नियतकालिकात आलं होतं. सीलिंगवरच्या पोकळीत सगळी यंत्रणा मॉडेलमध्ये नीट बसवली होती, पण ती ठरावीक क्रमाने चढवली तरच बसणार होती, आणि हा क्रम डिझाइन करणाऱ्यांनी ठेकेदाराला कळवलाच नव्हता. सुमारे ७० टक्के काम झाल्यावर जागा संपली आणि प्रकरण भरपाईच्या दाव्यांपर्यंत गेलं.

आपल्या कॉरिडॉरच्या ओळीतही म्हणून आणखी एक वाक्य लागतं: आधी डक्ट चढेल, मग स्प्रिंकलरचे पाइप, शेवटी केबल ट्रे. त्याखाली एसी ठेकेदार, प्लंबिंग ठेकेदार आणि इलेक्ट्रिकल ठेकेदार यांच्या सह्या हव्यात, आणि क्रम मोडायचा असेल तर आधी कोऑर्डिनेटरला कळवायचं, हेही त्याच ओळीत लिहिलेलं हवं.