मुक्या पुडीला वाचा फुटते

साताऱ्यात कंदी पेढ्याच्या खोक्याला बोलावे लागत नाही. गिऱ्हाईक नाव घेऊनच दुकानाची पायरी चढते आणि उरलेले बोलण्याचे काम गल्ल्यावरचे मालक करतात. अशा गावात वेष्टने रंगविण्याचा धंदा करून मी स्वतःला मोठा जाणता समजत होतो. माझा तो भ्रम सांगलीच्या एका हळद दळणाऱ्या गृहस्थांनी उतरविला.

त्यांना आपण अण्णा म्हणू. त्यांची हळद आजवर ओळखीच्या वाण्यांकडे जाई. मग ती एका मोठ्या दुकानात गेली, जिथे गिऱ्हाईक फळीवरचा माल आपल्या हाताने उचलते. पहिल्या खेपेतल्या बऱ्याच पुड्या परत आल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "हळद तीच, दळण तेच. मग चुकले काय, ते तुम्हीच सांगा." मला काय सांगणार? पुडी मीच रंगविली होती!

मी त्या दुकानात जाऊन उभा राहिलो. फळीवर सात-आठ तऱ्हेच्या हळदी आणि सगळ्या पिवळ्या. आमच्या पुडीवर अण्णांच्या वडिलांचे छायाचित्र, हरिपूरच्या हळदीच्या पेवाचे चित्र, 'शुद्धतेची परंपरा' ही ओळ आणि गिरणीचे लांबलचक नाव. सगळेच सारख्या आवाजात बोलत होते. बायका दोन-तीन क्षण नजर फिरवीत आणि शेजारची पुडी उचलीत.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना विचारले, "हळद घेताना तू काय पाहतेस?" ती म्हणाली, "आधी ती हळद आहे हे दिसायला हवे. मग कशाची आहे ते. आणि जुनी तर नाही ना!" माझ्या साऱ्या विद्येचा अर्क तिने तीन वाक्यांत काढला. नाव, वचन आणि एकच खूण.

आधी नाव. वाचायला सोपे जावे म्हणून अक्षराची उंची अंतराच्या निदान दोनशेव्या भागाइतकी असावी, असा आम्हा लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोन मीटरवरून एक सेंटिमीटर. परंतु फळीवरच्या गर्दीत तेवढ्याने भागत नाही. शिवाय आपल्या लिपीची एक अडचण आहे. गिरणीच्या नावात वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. त्यांना जागा देताना मूळ अक्षर निम्म्यावर येते. 'हळद' या शब्दाला मात्र वर-खाली काहीच नाही! तो मी अडीच सेंटिमीटर उंच केला आणि गिरणीचे नाव त्याच्या डोक्यावर लहान घेतले. पुडीत भुकटी तळाशी बसते, वरचा भाग मागे कलतो आणि खालची कड किमतीच्या पट्टीआड जाते. म्हणून सारा मजकूर मधल्या पट्ट्यात आणला. पिवळ्यावर लाल अक्षरे होती, ती गर्द हिरवी केली. कृष्णधवल फोटो काढून पाहिला. त्यात अक्षर उठून दिसले, तेव्हाच समाधान झाले.

मग वचन. 'शुद्धतेची परंपरा' कोणत्याही पुडीवर चालेल, म्हणून ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय 'शुद्ध', 'अस्सल' अशा शब्दांच्या वापराला २०१८ च्या अन्नविषयक नियमांत अटी घातल्या आहेत. अण्णा केवळ राजापुरी वाणाची हळकुंडे दळतात. तेव्हा 'फक्त राजापुरी हळकुंड' एवढेच लिहिले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणून अण्णांच्या चिरंजीवांना ते चिन्हही हवे होते. पण ते वापरायला आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. चिन्ह थांबले.

खूण म्हणजे दळल्याचा महिना. तो मागच्या शिवणीत फिकट शाईने उमटे. आता पुढे एक पांढरा चौकोन कोरा ठेवला आणि प्रत्येक खेपेला त्यात शिक्का मारायचे ठरले. हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण आणि वजन कायद्याने हवेच. ते ठळक, पण कडेला बसविले.

राहिले वडिलांचे छायाचित्र. अण्णा गप्प झाले. "त्यांनी गिरणी घातली. त्यांना मागे कसे टाकू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी दोन नमुने केले, एक छायाचित्रासह, एक त्याविना. शेजारच्या बायकांना आठ फुटांवरून तीन क्षण दाखवून पुडी झाकली आणि विचारले, "काय वाचलेत?" पहिल्याला बहुतेकींचे उत्तर, "एक म्हातारे गृहस्थ." दुसऱ्याला, "हळद, राजापुरी." दोघी-तिघींना महिनाही आठवला.

अण्णांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले. थोड्या वेळाने म्हणाले, "दादा असते तर म्हणाले असते, आधी हळद विका." छायाचित्र मागच्या बाजूला गेले, पेवाच्या चित्राशेजारी, आणि तिथे त्यांची दोन ओळींची हकिकतही आली. पुढे दुकानातून पुन्हा मागणी आली, तेव्हा अण्णांनी मला पहिली पुडी पाठविली. उताणी नव्हे, पालथी ठेवून!