श्रेणी भरपाई आणि उपसमकालिक अनुनाद

उपसमकालिक अनुनाद म्हणजे श्रेणी धारित्रे (कपॅसिटर) बसवलेली लांब पारेषण वाहिनी आणि तिला वीज पुरवणारा टरबाइन-जनित्र संच यांच्यात जाळ्याच्या मूळ वारंवारतेपेक्षा कमी वारंवारतेवर होणारी ऊर्जेची देवाणघेवाण. ही देवाणघेवाण वाढत गेल्यास जनित्राचा पोलादी दंड (शाफ्ट) पीळ पडून निकामी होऊ शकतो.

श्रेणी भरपाई

प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला लांब वाहिनीचा जो विरोध होतो, त्यात तारेच्या रोधापेक्षा तिच्या प्रवर्तनाचा वाटा फार मोठा असतो. वाहिनी जितकी लांब, तितका हा प्रवर्तनी विरोध, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स, जास्त. आणि तो वाढला की वाहिनीतून स्थिरपणे नेता येणारी वीज कमी होते. धारित्राचा परिणाम याच्या नेमका उलट असतो. त्यामुळे वाहिनीच्या मार्गातच धारित्रे जोडली, तर ती विद्युतदृष्ट्या आखूड होते. नवी वाहिनी न उभारता जुनीतूनच अधिक वीज नेण्याचा हा स्वस्त उपाय आहे.

अनुनादाचे कारण

प्रवर्तन आणि धारिता एकत्र आल्या की त्या मंडलाला स्वतःची नैसर्गिक वारंवारता मिळते. ती अशी काढतात:

f_e = f_0 × √(X_C / X_L)

येथे f_0 ही जाळ्याची वारंवारता, X_C धारित्राचा आणि X_L संपूर्ण मार्गाचा रिअ‍ॅक्टन्स होय. एक कल्पित उदाहरण घेऊ. वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स १०० ओहम, जनित्र, रोहित्र व पलीकडील जाळे यांचा मिळून १०० ओहम आणि धारित्रांचा ५० ओहम आहे. वाहिनीपुरते पाहिले तर भरपाई ५० टक्के आहे, परंतु संपूर्ण मार्गाच्या मानाने ती २५ टक्केच ठरते. २५ टक्क्यांचे वर्गमूळ अर्धे असल्याने, ६० हर्ट्झच्या जाळ्यात f_e ३० हर्ट्झ येते. भरपाई कधीच पूर्ण केली जात नसल्याने ही वारंवारता f_0 पेक्षा नेहमी कमीच राहते. म्हणूनच तिला उपसमकालिक म्हणतात.

जनित्राचा रोटर ६० हर्ट्झच्या वेगाने फिरत असतो. स्टेटरमध्ये ३० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागला, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र रोटरच्या मागे पडते आणि दोन्ही वेगांतील फरकाइतक्या, म्हणजे ६० – ३० = ३० हर्ट्झ वारंवारतेने रोटरला हिसके बसतात.

टरबाइनचे अनेक भाग, जनित्र आणि उद्दीपक एकाच लांब दंडावर बसवलेले असतात. जड चाके लवचीक सळईवर ओवावीत तशी ही रचना असते. तिला पिळाच्या स्वतःच्या काही वारंवारता असतात आणि या पिळाचे शमन अत्यल्प असते. विद्युत मंडलाचे हिसके यांपैकी एका वारंवारतेच्या जवळ आले, की दंडाचे दोलन स्टेटरमध्ये नवा उपसमकालिक दाब निर्माण करते, तो प्रवाह वाढवतो आणि वाढलेला प्रवाह दंडाला आणखी पिळतो.

मोहावी येथील घटना

अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोहावी हे कोळशावर चालणारे वीजकेंद्र होते. त्यात प्रत्येकी ७९० मेगावॉटचे दोन संच होते आणि ५०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर श्रेणी धारित्रे होती. डिसेंबर १९७० मध्ये तेथील एका संचाचा दंड जनित्र आणि उद्दीपक यांच्या दरम्यान, स्लिप रिंगांच्या भागात निकामी झाला. खरे कारण तेव्हा उमगले नाही. संच दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये तसाच बिघाड पुन्हा झाला.

जाळ्यातील वाहिन्यांची जोडणी बदलल्यामुळे तो संच श्रेणी भरपाई असलेल्या वाहिनीवर जवळजवळ एकटाच उरला होता. इतर वाहिन्या जोडलेल्या असताना त्यांच्यामुळे अनुनाद दबलेला राहत असे. त्या सुटताच विद्युत अनुनादाची पूरक वारंवारता सुमारे ३० हर्ट्झच्या पिळाच्या वारंवारतेशी जुळली. नियंत्रण कक्षात दिवे लुकलुकले, जमीन थरथरली, कंपनाचे व उद्दीपन प्रवाहाचे इशारे आले. श्रेणी धारित्रांमुळे होणारे विद्युत स्वयंउद्दीपन अभियंत्यांना १९३०च्या दशकापासून ठाऊक होते, परंतु ते दंडाचा पीळ वाढवू शकते हे या घटनांमुळे स्पष्ट झाले.

प्रतिबंध

पहिला उपाय म्हणजे भरपाईचे प्रमाण बदलणे. वरील उदाहरणात धारित्रे ७० ओहमची केली, तर f_e सुमारे ३५.५ हर्ट्झ आणि तिची पूरक वारंवारता २४.५ हर्ट्झ होते. मात्र दंडाला पिळाच्या अनेक वारंवारता असल्याने एकीपासून दूर जाताना दुसरीजवळ पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून जाळ्यातील प्रत्येक संभाव्य जोडणीसाठी वेगळी गणना करावी लागते. अ‍ॅरिझोनातील नवाहो केंद्रात घातक वारंवारतांचे प्रवाह अडवणारी गाळणी बसवली गेली. याशिवाय दंडाच्या वेगातील सूक्ष्म दोलन ओळखून संच जाळ्यापासून तोडणारे संरक्षक रिलेही वापरतात. नेहमीचे रिले मूळ वारंवारतेवर लक्ष ठेवत असल्याने हा दोष त्यांना सहसा उशिरा कळतो किंवा कळतच नाही.