वेग मोजायचा, पण कुठल्या दिशेला?

इड सॉफ्टवेअरचा 'क्वेक ३ अरीना' १९९९ साली आला. त्यात धावण्याचा वेग सेकंदाला ३२० एकक. त्यापुढे पाय चालत नाहीत. तरीही मुरलेला खेळाडू तिरक्या उड्या मारत पाचशे-सहाशेच्या वेगाने निघून जातो, आणि तेही कुठलाही चीट कोड न वापरता! याला म्हणतात स्ट्रेफ जंप. सारी जादू या दोन ओळींत आहे:

```
currentspeed = DotProduct (pm->ps->velocity, wishdir);
addspeed = wishspeed - currentspeed;
```

पहिली ओळ विचारते, की तू ज्या दिशेला जाऊ पाहतोस, तिकडे तुझा वेग किती? दुसरी पाहते, की ३२० ला किती कमी पडतंय. तेवढी तूट भरायला परवानगी आहे. एकूण वेग किती, हे कुणी विचारतच नाही!

समजा, तुम्ही हवेत ४०० च्या वेगाने सरळ चालला आहात. नुसतं W दाबलंत तर तूट नाही, म्हणून भरही नाही. पण W आणि D एकत्र दाबून तो जोर वेगाच्या दिशेशी ४५ अंशांवर आणलात, तर त्या तिरक्या दिशेला तुमचा वेग भरतो फक्त २८३. गेमला वाटतं, हा तर हळू चाललाय! तो ढकलतो. सेकंदाला १२५ फ्रेम असतील तर दर फ्रेमला पुढच्या दिशेला जेमतेम दोन एकक वाढतात. पण एक उडी सुमारे ०.६७ सेकंद टिकते, म्हणजे ऐंशीहून जास्त फ्रेम.

वेग वाढला की कोनही वाढवावा लागतो: ४०० ला ३७ अंशांच्या जरा पुढे, ६४० ला साठच्या. म्हणून माउस सतत हळुवार फिरत राहतो. कमी फिरला तर वेग अडकतो, जास्त फिरला तर जोर बाजूला वाया जातो. जमिनीला पाय लागताच पुन्हा उडी हवी. क्षणभर उशीर झाला, की घर्षण कमाई खातं.

२००५ मध्ये सोर्स कोड खुला झाला. त्यात हा दोष टाळणारं 'योग्य' सूत्रही सापडलं, पण बंद ठेवलेलं. शेजारी शेरा, की ते खेळायला वाईट वाटतं. माझ्या मते फार शहाणा निर्णय.

रॉकेट जंप मात्र ठरवून ठेवलेली आहे. आधी उडी, लगेच पायाशी रॉकेट. उडीचा वेग २७०, स्फोटाचा धक्का जास्तीत जास्त ५००. उंची वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ४५ एककांची उडी ३७० च्या आसपास पोचू शकते. आधी रॉकेट सोडलंत तर उडीचे २७० हुकतात आणि उंची १५६ वरच थांबते. स्वतःच्या रॉकेटची इजा गेम निम्मी करतो, पण धक्का मोजून झाल्यावर. रॉकेट जंप चालावी म्हणूनच, असं कोडमध्ये लिहिलंय. तरी पन्नासेक गुण जातातच. चिलखत नसेल आणि तेवढे गुण उरले नसतील, तर मुकाट्याने जिना शोधा.