पाचवा फाउल

आमच्या रविवारच्या लीगमध्ये स्कोअरच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन लाल शंकू ठेवलेले असतात, स्केटिंगच्या क्लासात मुलांसाठी ओळीने मांडतात तसले. क्वार्टर सुरू होताना ते आडवे असतात. एखाद्या संघाचे चार फाउल झाले आणि चेंडू पुन्हा खेळात आला, की स्कोअरर त्या संघाच्या बाजूचा शंकू उभा करतो. त्यानंतर साधा मनगटाला हात लागला, तरी पंच दोन बोटं दाखवून फ्री थ्रोच्या रेषेकडे निघतो, आणि दर रविवारी कुणीतरी तेच विचारतं: “पण त्याने शॉट कुठे मारला होता?”

शॉट मारताना झालेल्या फाउलचा आणि या शंकूचा संबंध नाही. शॉट मारणाऱ्याला फाउल केला आणि चेंडू आत गेला नाही, तर दोन किंवा तीन फ्री थ्रो मिळतातच. चेंडू आत गेला तर बास्केट धरली जाते आणि वर एक फ्री थ्रो मिळतो. हे पहिल्या मिनिटापासून लागू असतं. शंकू मोजतो ते संघाचे फाउल, आणि त्याने फरक पडतो तो शॉट नसताना झालेल्या फाउलला. पहिल्या चार वेळा अशा फाउलला बाजूने चेंडू आत टाकायला मिळतो, म्हणजे थ्रो-इन. पाचव्यापासून ज्याला फाउल झाला त्याला दोन फ्री थ्रो. यालाच खेळाडू बोनस म्हणतात. चौथ्या फाउलला बोनस मिळत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण आमच्याकडचे निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

यामागची कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नायस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये तेरा नियम लिहिले. त्यातला सातवा नियम असा, की एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले आणि मधल्या काळात समोरच्या संघाने एकही केला नाही, तर समोरच्याला एक गोल द्यायचा. एकेकाला शिक्षा करून भागत नाही, सगळे जण वाटून घेऊन धसमुसळेपणा करू शकतात, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आजची चारची मर्यादा त्याच दुखण्यावरचं औषध आहे. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर जातो, पण बारा जणांच्या संघाकडे असे साठ फाउल असतात. मोजणी संघाची केली नाही, तर वेगाने येणारा प्रत्येक गडी अर्ध्या मैदानावरच धरून ठेवता येईल.

भारतात बहुतेक ठिकाणी फीबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम चालतात. इथे सांगतोय तेही तेच. आमच्या लीगमधला एक सामना सांगतो, कारण शेवटच्या तीन मिनिटांत जवळजवळ सगळं त्यात घडलं. मी टेबलावर स्कोअरशीट लिहीत होतो.

चौथ्या क्वार्टरची दोन मिनिटं चाळीस सेकंद उरली होती. निळे 58, पांढरे 57. पांढऱ्यांचे चार फाउल झाले होते, त्यांचा शंकू उभा. निळ्यांचे तीन. निळ्यांचा गार्ड मध्यरेषेजवळ चेंडू टप्पे देत आणत होता, पांढऱ्यांच्या एकाने त्याच्या मनगटावर चापट मारली. पाचवा फाउल, म्हणून दोन फ्री थ्रो. निळ्यांनी आपला सगळ्यात चांगला नेमबाज पुढे केला. पंचांनी त्याला परत पाठवलं, आणि ते बरोबरच होतं. बोनसचे फ्री थ्रो ज्याला फाउल झाला त्यानेच मारायचे असतात. तो जखमी असेल तर त्याच्या जागी आलेला बदली खेळाडू मारतो. दुसऱ्याने मारले आणि चूक वेळेत लक्षात आली, तर ते फ्री थ्रो रद्द होतात आणि चेंडू समोरच्या संघाला जातो.

गार्डने पहिला आत टाकला. 59. तेवढ्यात फाउल करणारा तो पांढरा खेळाडू पंचांच्या तोंडासमोर टाळ्या वाजवत म्हणाला, “डोळे तपासून घ्या.” पंचांनी एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या बोटांवर आडवा टेकवला. टेक्निकल.

टेक्निकल फाउल हा अंगाला अंग लागून होणारा फाउल नाही, तो वागण्याचा फाउल आहे. पंचांचा किंवा समोरच्याचा अपमान करणं हे त्याचं नेहमीचं कारण. ताकीद मिळूनही खेळ लांबवणं हे दुसरं. बास्केट झाल्यावर खाली पडलेला चेंडू मुद्दाम दूर ढकलायचा, म्हणजे समोरच्याला तो पटकन आत टाकता येऊ नये, ही खोड आमच्याकडे फार आहे आणि ती याच सदरात येते. शिक्षा एक फ्री थ्रो, आणि तो संघातला कुणीही मारू शकतो. त्यामुळे मघाशी परत पाठवलेला नेमबाज आता हक्काने रेषेवर आला.

इथे क्रमाचा घोळ झाला. गार्डचा दुसरा फ्री थ्रो अजून बाकी होता, तो आधी की टेक्निकलचा आधी? टेक्निकलचा फ्री थ्रो लगेच मारायचा असतो, आणि त्या वेळी रिबाउंडसाठी दोन्ही बाजूंना कुणी उभं राहत नाही. तो झाला की खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. नेमबाजाने एकट्याने तो आत टाकला. 60. मग सगळे आपापल्या जागी येऊन उभे राहिले, गार्डने उरलेला दुसरा मारला, तो चुकला, आणि पांढऱ्यांनी रिबाउंड घेतला. निळ्यांचा कोच ओरडत होता, “टेक्निकलनंतर चेंडू आमचा!” पूर्वी तसा नियम होता, म्हणून जुने खेळाडू अजून तेच धरून बसतात. आता टेक्निकलमुळे चेंडूची मालकी बदलत नाही.

मी शीटवर त्या खेळाडूच्या नावापुढे टी लिहिला. तो त्याचा चौथा वैयक्तिक फाउल आणि संघाचा सहावा. खेळाडूचा टेक्निकल दोन्हीकडे मोजला जातो, आणि त्याला आणखी एक टेक्निकल मिळाला असता तर पाच फाउलचा प्रश्नच उरला नसता, दोन टेक्निकलवर खेळाडूला मैदान सोडावं लागतं. बाकावरच्या कुणी आरडाओरडा केला तर तो टेक्निकल कोचच्या नावावर लिहितात आणि तो संघाच्या फाउलमध्ये धरत नाहीत. नवे स्कोअरर इथे हमखास चुकतात. कोचच्या टेक्निकलने चौथी चौकट खोडतात आणि शंकू एक फाउल आधीच उभा राहतो.

खेळ पुढे सरकला. पांढऱ्यांच्या हल्ल्यात निळ्यांच्या एकाने ढकललं. निळ्यांचा चौथा, फ्री थ्रो नाही, फक्त थ्रो-इन. चेंडू आत आला तसा मी निळ्यांच्या बाजूचा शंकूही उभा केला. पांढऱ्यांनी बास्केट केली, 60–59.

पन्नास सेकंद उरले असताना निळ्यांचा गार्ड चेंडू घेऊन सरळ घुसला आणि पाय रोवून उभ्या असलेल्या पांढऱ्या बचावपटूच्या छातीवर आदळला. निळ्यांचा पाचवा. पांढरे आनंदाने फ्री थ्रोच्या रेषेकडे धावले. पंचांनी मात्र चेंडू बाजूला नेला. ज्या संघाच्या ताब्यात चेंडू आहे त्याच्याच खेळाडूने फाउल केला, तर बोनस लागू होत नाही. चेंडू हातून गेला, तेवढीच शिक्षा. फाउल मात्र मोजला जातो.

पांढऱ्यांनी घाईत चेंडू गमावला. निळ्यांनी तीन गुणांचा शॉट मारला, चेंडू हवेत असतानाच त्यांच्या उंच खेळाडूने रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीत ढकललं, आणि शॉट रिंगवर आपटून बाहेर आला. निळ्यांचा सहावा. पंचांनी दोन बोटं दाखवली. निळे संतापले. “आत्ता आमच्या फाउलला थ्रो-इन दिला, आणि आता फ्री थ्रो?”

मला विचाराल तर या नियमांतली सगळ्यात समजून घेण्यासारखी जागा हीच. दोन्ही फाउल निळ्यांचेच, दोन्ही त्यांच्याच हल्ल्यात झालेले. फरक चेंडूच्या ताब्याचा. गार्ड घुसला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता. शॉट हातातून सुटला त्या क्षणी ताबा संपला, हवेतला चेंडू कुणाचाच नसतो. म्हणून रिबाउंडच्या वेळचा धक्का हा साधा फाउल ठरतो, आणि शंकू उभा असेल तर त्याला दोन फ्री थ्रो. पांढऱ्यांनी दोन्ही आत टाकले. 61–60.

टीव्हीवर एनबीए बघून आलेल्यांचा गोंधळ वेगळाच असतो. तिथे हल्ला करणाऱ्याचा फाउल संघाच्या मोजणीत धरतच नाहीत, आणि क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आधीचे फाउल कमी असले तरी दुसऱ्याच फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. पहिला आत गेला तरच दुसरा मारायचा, हा प्रकार अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचा. तिथे खेळ दोन हाफचा असतो आणि तो सातव्या फाउलपासून लागतो. आमच्याकडे यातलं काहीही नाही. तुमच्या लीगने स्वतःचे काही बदल केले असतील, तर ते सामन्याआधी टेबलावर विचारून घ्या, मध्येच नको.

आणि टेबल चुकलं तर? बोनस मिळायला हवा होता आणि पंचांनी थ्रो-इन दिला, असं होतं. ही चूक दुरुस्त करता येते, पण तिला मुदत असते. चुकीनंतर घड्याळ सुरू झाल्यावर खेळ पहिल्यांदा थांबला, की चेंडू पुन्हा खेळात येण्याआधी ती दाखवायला हवी. म्हणून कर्णधाराने शंकूवर नजर ठेवावी आणि खेळ थांबताच शांतपणे टेबलाकडे यावं. सामना संपल्यावर शीट घेऊन भांडणाऱ्याला काही मिळत नाही.

अठरा सेकंद उरले होते. पांढऱ्यांचा सातवा फाउल झाला, निळ्यांनी दोनपैकी एक आत टाकला. 61–61, ओव्हरटाइम. टेबलावर मदतीला बसलेल्या कॉलेजच्या मुलाने नव्या डावासाठी दोन्ही शंकू आडवे करायला हात पुढे केला. “राहू दे,” मी म्हटलं, “ओव्हरटाइममध्ये चौथ्या क्वार्टरचे फाउल पुढे चालू राहतात.” शिट्टी झाली, चेंडू आत आला, आणि पहिल्याच मिनिटात निळ्यांच्या एकाने मध्यरेषेपाशी हात घातला. पांढरा गार्ड सरळ रेषेवर जाऊन उभा राहिला.